रिटचरला मेल करूनही दरवेळी भलतीच वस्तू उडते आणि साईज पण चुकते: कानबाईच्या फोटोवरून सापडलेला इलाज

प्रॉब्लेम असा की फोटोतून एखादी वस्तू काढायला बाहेरच्या फ्रीलान्स रिटचरला मेल केला की काम एका फेरीत कधीच होत नाही. पहिल्यांदा भलतंच काहीतरी काढलेलं असतं, दुसऱ्यांदा रंग बदलून येतो, तिसऱ्यांदा सगळं बरोबर पण साईज लहान. माझा अमळनेरला छोटा स्टुडिओ आहे, आणि वर्षभर मी हेच समजत होतो की आपल्याला रिटचरच चांगला भेटत नाही. दोन बदलून पाहिले. तिसऱ्याने पण तेच केलं तेव्हा मात्र मी माझेच जुने मेल काढून वाचले, आणि भो, लाज वाटली. त्या मेलवरून मी स्वतः पण ते काम बरोबर केलं नसतं.

ज्या फोटोवर हे सगळं कळलं तोच सांगतो.

श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार, एका काकांच्या घरी कानबाई बसलेली. आपल्या खान्देशात या देवीचं माहितीच आहे, चौरंगावर नारळाची कानबाई, नथ दागिने घालून, दोन्ही बाजूला केळीचे खांब, वर झालर, समोर रोटची परात. रात्री सगळं खटलं एकत्र, आजी-आबा मधे बसलेले, मागे मुलं-सुना, खाली नातवंडं, असा एकूण 14 जणांचा आडवा ग्रुप फोटो काढला. गरम इतकं होत होतं की कोणीतरी उभा फर्राटा पंखा आणून ठेवला होता आणि तो फ्रेममधे आला. मला कळलं पण तोपर्यंत लेकरं उठून पळाली होती. काकांना नवरात्राच्या आत मोठी फ्रेम पाहिजे होती भिंतीवर लावायला, आणि पंखा नको होता.

मी रिटचरला लिहिलेला पहिला मेल असा होता: "दादा, आबांच्या डाव्या बाजूला जे उभं आहे ते काढून टाका, सोबत दुसरा फोटो रेफरन्सला जोडला आहे, मोठी फ्रेम बनवायची आहे, लवकर द्या."

आता गंमत बघा. फोटोकडे बघताना पंखा मला डावीकडे दिसतो. पण आबा कॅमेऱ्याकडे तोंड करून बसलेत, त्यांचा डावा हात फोटोत उजवीकडे येतो. आबांच्या डाव्या बाजूला उभा होता केळीचा खांब. रिटचर कोल्हापूरकडचा, त्याला कानबाई काय माहीत, त्याला वाटलं घरात झाडाचं खोड मधेच आलंय ते नको असेल. त्याने तो खांब इतका सफाईने उडवला की मला आधी कळलंच नाही. काकांच्या घरी लॅपटॉपवर दाखवला तर आजी लगेच म्हणे, "केयना खांब कोठे गया रे?" आणि पंखा जिथल्या तिथे!

शब्दाला धरून बघितलं तर त्याने मी सांगितलं तेच केलं होतं. म्हणून पहिला बदल हा, की माणसाचा डावा-उजवा लिहायचाच नाही. "फोटो समोर धरून बघताना डाव्या कडेला" असं लिहायचं, आणि वस्तूचं नाव घ्यायचं. "जे उभं आहे ते" म्हणजे काय, कोणीही काहीही समजेल. आणि जे काढायचं नाही, पण बाहेरच्या माणसाला कचरा वाटू शकतं, ते पण सांगायचं. आपल्या घरच्या कार्यक्रमात अशा वस्तू भरपूर असतात, परात, सूप, टोपली, खांब, नारळ. त्याला ते पूजेचं आहे की कोणी ठेवून विसरलंय हे फोटोवरून कळायला मार्ग नाही.

नुसतं लिहून भागत नाही, खूण केलेली कॉपी पण पाठवायची. इथे पण मी दोन चुका केल्यात. एक म्हणजे मोबाईलच्या गॅलरीत फोटो उघडला, लाल गोल काढला आणि सेव्ह दाबलं, तर तो मूळ फोटोवरच सेव्ह झाला. नशीब कार्डात ओरिजिनल होता, नाहीतर रिटचरला पंख्यासोबत माझा लाल गोल पण पुसत बसावं लागलं असतं. तेव्हापासून आधी फाईलची कॉपी करतो, नाव बदलतो, DSC_0412_khun.JPG असं, आणि मगच खूण करतो. दुसरी चूक रंगाची. कानबाईच्या फोटोत लाल, पिवळा, हिरवा सगळं आधीच भरलेलं असतं, साड्या, झेंडू, पानं. लाल गोल त्यात दिसतच नाही. फोटोत जो रंग कुठेच नाही तो घ्यायचा, मी आकाशी निळा घेतो. आणि गोल काढण्यापेक्षा वस्तूच्या कडेने रेघ फिरवायची, कारण गोलात पंख्यासोबत मोठ्या वहिनींचा खांदा पण येत होता, आणि गोल केला म्हणजे आतलं सगळं काढायचं असं समोरचा समजू शकतो.

ही खूण केलेली कॉपी व्हॉट्सॲपवर लहान होऊन गेली तरी चालतं, ती फक्त दाखवायला आहे. मूळ फाईल मात्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकायची नाही, त्याचं पुढे सांगतो.

वस्तू काढायची म्हणजे तिच्यासोबत तिची पिलावळ पण असते, आणि हे मेलमधे लिहिलं नाही तर ती हमखास राहून जाते. माझा पंखा घ्या. मी फ्लॅश मारला होता त्यामुळे मागच्या भिंतीवर पंख्याच्या जाळीची कडक सावली पडलेली. वायर खाली फरशीवरून आबांच्या पायाच्या मागून थेट बोर्डापर्यंत गेलेली. आणि भिंतीवर देवाची काचेची फ्रेम होती तिच्यात पंख्याचं पातं चमकत होतं. दुसऱ्या फेरीत पंखा गेला पण सावली भिंतीवर तशीच, म्हणजे घरात भुताचा पंखा. त्यामुळे आता मी फोटो 100 टक्के झूम करून एकदा पूर्ण फिरतो आणि त्या वस्तूचं जे जे दिसेल ते लिहून काढतो. पाच मिनिटं लागतात.

आता रेफरन्सचं. माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ या एका शब्दाने होतो. रिटचरच्या भाषेत रेफरन्स म्हणजे बऱ्याचदा "असा लुक पाहिजे", म्हणजे रंग, उजेड, टोन. मला म्हणायचं होतं की "पंख्याच्या मागे काय आहे ते या फोटोत दिसतंय, तिथून उचल". मी फक्त "रेफरन्सला जोडला आहे" लिहिलं. तो जोडलेला फोटो पंखा आणायच्या दहा मिनिटं आधीचा, फ्लॅश न मारता घरातल्या पिवळ्या बल्बवर काढलेला. त्याने बिचाऱ्याने मेहनत करून अख्खा ग्रुप फोटो त्या फोटोसारखा पिवळा करून दिला. आजीची पांढरी साडी हळदीत बुडवल्यासारखी.

म्हणून रेफरन्स हा शब्द एकटा लिहायचा नाही, त्या फोटोतून नेमकं काय घ्यायचं आणि काय घ्यायचं नाही हे लिहायचं. पंख्याच्या मागे भिंतीचा खाली हिरवा ऑइल पेंट आणि वर पांढरा चुना, त्या दोघांमधली आडवी रेघ, झालरीचं टोक, आणि खाली रोटच्या परातीची डावी बाजू होती. रेफरन्स नसता तर रिटचरने परात अर्धीच ठेवली असती किंवा मनाने गोल पूर्ण केली असती आणि रोट किती होते ते त्याला काय माहीत, आणि आपल्याकडे रोट मोजून-मापून असतात, काकांच्या घरचं कोणीतरी बोललंच असतं.

कोणता फोटो रेफरन्सला चालतो याचं पण एक बघायचं. दोन्ही फोटो एकाच जागेवर उभं राहून काढलेले असले तर काम सोपं होतं. झूम कमी-जास्त केलेला असला तरी अडत नाही, रिटचर तो लहान-मोठा करून बसवू शकतो. पण तुम्ही दोन पावलं बाजूला सरकले असाल तर पुढची वस्तू आणि मागची भिंत यांचं एकमेकांशी नातंच बदलतं, परात भिंतीच्या दुसऱ्याच भागापुढे दिसते, आणि मग कितीही ओढाताण केली तरी रेघ जुळत नाही. तपासायचं कसं, तर दोन्ही फोटोंत एखादी पुढची आणि एखादी मागची वस्तू धरा. माझ्याकडे झूमचा फरक जुळवून पाहिल्यावर परातीची कड आणि भिंतीवरच्या खिळ्याचं अंतर दोन्हीत सारखं दिसत होतं, म्हणजे जागा तीच होती. फोटो DSC_0397 थोडा जास्त वाइड होता, वरची भिंत जास्त आली होती, आणि ते पुढे साईजला कामात आलं.

उजेडाचं मात्र आधीच सांगून टाकायचं, की रेफरन्स बल्बवरचा आहे, मूळ फ्लॅशचा आहे, जो तुकडा उचलाल त्याचा रंग मूळ फोटोला जुळवा. आणि रेफरन्सची रॉ फाईल असेल तर जेपीजीऐवजी तीच द्या. रॉमधे व्हाइट बॅलन्स नंतर बदलता येतो, पिवळेपणा जवळजवळ पूर्ण जातो. जेपीजीमधे तेवढा जात नाही, ओढलं की रंग घाण व्हायला लागतात.

एक अजून जागा होती जी भिंतीने भागणारी नव्हती. पंख्याची जाळी मोठ्या वहिनींच्या खांद्यावर येत होती, पदराचा काठ तिथे झाकलेला. त्याला DSC_0397 चा उपयोग नाही, त्यात वहिनी स्वयंपाकघरात होत्या. मग मी DSC_0409 शोधला, त्यात कोणाचे तरी डोळे मिटले होते म्हणून तो बाद केला होता, पण वहिनींचा पदर त्यात पूर्ण दिसत होता. म्हणून सांगतो, डोळे मिटलेले फोटो फ्रेम डिलिव्हर होईपर्यंत डिलीट करू नका.

आता साईज. "मोठी फ्रेम" याला काहीच अर्थ नाही हे मला पण माहीत होतं, पण सवय. दुसऱ्या फेरीला मी सुधारलो आणि लिहिलं "16×20 पाहिजे". त्याने दिलं, आणि फोटोच्या दोन्ही कडा कापलेल्या. डावीकडे पंखा होता तो भाग गेला त्याचं काही नाही, पण उजवीकडून केळीचा खांब परत अर्धा गेला आणि सगळ्यात लहान नातीचा हात गेला.

चूक त्याची नाही, गणिताची आहे. माझा कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा, फोटो 6000×4000 पिक्सेल, म्हणजे 3 ला 2. आणि 16×20 ची फ्रेम आडवी धरली तर 5 ला 4, म्हणजे आपल्या फोटोपेक्षा जास्त चौकोनी. फोटो न ताणता त्यात बसवायचा तर 4000 उंचीला रुंदी 5000 च पाहिजे, म्हणजे दोन्ही बाजूने 500-500 पिक्सेल कापावेच लागतात. ग्रुप फोटोत माणसं कडेपर्यंत असतात, तिथे 500 पिक्सेल म्हणजे जवळपास एक माणूस.

यातून दोनच रस्ते. एक, फ्रेमची साईज बदला, 12×18 किंवा 16×24 घ्या, ते 3 ला 2 च आहे, काही कापलं जात नाही. काकांनी फ्रेम आधीच आणून ठेवली होती 16×20 ची, त्यामुळे तो रस्ता बंद. दुसरा म्हणजे रुंदी पूर्ण 6000 ठेवायची आणि उंची वाढवायची. 6000 पिक्सेल 20 इंचात म्हणजे इंचाला 300, आणि 16 इंचाला 300 ने 4800 पिक्सेल लागतात. आपल्याकडे 4000 आहेत, म्हणजे 800 पिक्सेलची भिंत आणि फरशी नवीन तयार करायची. भिंत वाढवणं सोपं, आणि DSC_0397 मधे वरची भिंत होतीच. फरशी शहाबादी, तिच्या सांध्यांच्या रेघा पुढे येताना पसरत जातात, ती जास्त वाढवली की खोटी दिसते. म्हणून वर 600 आणि खाली 200 असं ठरवलं. हे जास्तीचं काम आहे, त्याचे पैसे वेगळे, ते मेलमधे आधीच कबूल करून टाकायचं, नंतर घासाघीस नको.

अजून एक, "16×20" लिहिलं की उभं का आडवं ते कळत नाही. रुंदी 20, उंची 16 असं शब्दात लिहा आणि शेवटी पिक्सेल पण लिहा. पिक्सेल लिहिला की वाद संपतो. नुसतं "300 डीपीआय पाहिजे" लिहून काही होत नाही, कारण लहान फाईलवर पण 300 चा शिक्का मारता येतो. फोटोशॉपमधे Image Size उघडून Resample ची टिक काढून 72 चे 300 केले तर पिक्सेल एक पण वाढत नाही, फक्त छापायचा इंच कमी दिसतो.

फ्रेमची लाकडी पट्टी चारही बाजूने साधारण पाव इंच फोटो झाकते, 300 च्या हिशोबाने 75 पिक्सेल. त्यामुळे कडेच्या 75 पिक्सेलमधे कोणाचा हात-पाय येणार नाही एवढं बघायला सांगायचं.

शेवटी गेलेला मेल हा, आहे तसा देतो:

विषय: DSC_0412, पंखा काढणे, रुंदी 20 × उंची 16 इंच, शुक्रवार संध्याकाळपर्यंत

दादा नमस्कार,

काम DSC_0412.JPG वर करायचं आहे, बाकीच्या फाईल फक्त मदतीला आहेत.

काय काढायचं: फोटो समोर धरून बघताना डाव्या कडेला उभा पंखा आहे तो. सोबत त्याची मागच्या भिंतीवरची सावली, फरशीवरून आबांच्या मागून उजवीकडे बोर्डापर्यंत गेलेली काळी वायर, आणि वरच्या काचेच्या फ्रेममधे चमकणारं पंख्याचं पातं. DSC_0412_khun.JPG मधे निळी रेघ फिरवली आहे.

काय ठेवायचं: दोन्ही केळीचे खांब, नारळ, परात, झालर, हे सगळं पूजेचं आहे. चेहरे आणि त्वचेला हात लावू नका.

DSC_0397 मधून पंख्यामागची भिंत, हिरव्या-पांढऱ्या रंगाची रेघ, झालरीचं टोक आणि परातीची डावी बाजू घ्या. हा फोटो बल्बवरचा आहे म्हणून पिवळा आहे, रॉ जोडली आहे, रंग DSC_0412 ला जुळवा. DSC_0409 मधून फक्त डावीकडच्या वहिनींच्या खांद्यावरचा पदर घ्या. पूर्ण फोटोचा रंग बदलायचा नाही.

साईज: रुंदी 6000, उंची 4800 पिक्सेल. काही कापू नका, ताणू नका. वर 600 पिक्सेल भिंत आणि खाली 200 पिक्सेल फरशी वाढवा, त्याचे वेगळे पैसे सांगा. कडेचे 75 पिक्सेल फ्रेमखाली जाणार आहेत.

आधी लहान प्रीव्ह्यू पाठवा, मी ओके म्हटल्यावर फायनल जेपीजी, sRGB, सगळ्यात जास्त क्वालिटीत, आणि लेयरवाली पीएसडी.

बस. सहा-सात मिनिटांचा मेल आहे. त्याचा उलटा एकच प्रश्न आला, की आबांच्या पायामागची वायर काढताना धोतराचा काठ थोडा नवीन बनवावा लागेल, चालेल का. असा प्रश्न आला म्हणजे त्याने मेल वाचलाय.

फाईल पाठवण्यात पण एकदा एक दिवस गेला होता. जीमेलला 25 एमबीपर्यंतच जोडता येतं, तीन जेपीजी आणि एक रॉ त्यात बसत नाही, मग ते आपोआप ड्राइव्हची लिंक करतं. ती लिंक Restricted राहिली तर समोरच्याला फक्त Request access दिसतं, तो ते दाबतो, आपण झोपलेलो असतो. पाठवायच्या आधी Anyone with the link करा आणि इन्कॉग्निटो विंडोत स्वतः उघडून बघा. दुसऱ्या फोटोग्राफरच्या फाईल सोबत असतील तर नावं आधी बदला, दोघांच्या कार्डात DSC_0412 असू शकतो.

काम परत आलं की मी आधी फाईलवर राइट क्लिक, Properties, Details मधे Dimensions बघतो, 6000 आणि 4800 आहे की नाही. मग मूळ फोटो आणि नवीन एकावर एक ठेवून चालू-बंद करतो, जे हलायला नको ते हललं असेल तर लगेच डोळ्याला दिसतं. मग 100 टक्के झूमवर भिंत. कॉपी करून भरलेली भिंत ओळखायची खूण म्हणजे एकच डाग किंवा पोपडा दोन ठिकाणी सारखाच दिसतो. माझ्या प्रीव्ह्यूमधे ओलाव्याचा एक डाग वरच्या वाढवलेल्या भागात परत आला होता, ते त्याला सांगितलं, त्याने दहा मिनिटांत काढला. भिंतीची हिरवी-पांढरी रेघ पंख्याच्या जागी सरळ जातेय का ते पण बघा, तिथे एक-दोन पिक्सेलची पायरी राहिली तरी 20 इंचावर दिसते.

हे सगळं मूळ फाईल हातात असेल तरच. मागच्या आठवड्यात एक ताई आल्या, त्यांच्याकडे फोटो फक्त व्हॉट्सॲपवर आलेला, नावातच WA होतं आणि साईज 1600×1067. ज्याने काढला त्याने मोबाईल फॉरमॅट मारलेला. त्यांना पण 16×20 पाहिजे होता आणि मागचा पाण्याचा जार काढून. 1600 पिक्सेल 20 इंचावर म्हणजे इंचाला 80, चेहरे कापसासारखे दिसतील, रिटचर कितीही भारी असला तरी जे पिक्सेल नाहीतच ते खरे कुठून आणणार. जार काढून 5×7 चा करून दिला, तेवढ्यात इंचाला 200 च्या वर बसतात. आणि मूळ फोटो कोणाच्या लॅपटॉपमधे कॉपी केलेला असेल तर तो मेलने पाठवा, आणि व्हॉट्सॲपशिवाय काही जमतच नसेल तर Document म्हणून टाका, असं कागदावर लिहून दिलं.